म्ह एक की दोन? एका व्यंजनतक्त्यात अडलेला खाना

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली बोली ध्वनिमुद्रित करायची आणि तिच्या व्यंजनांचा तक्ता तयार करायचा, असं काम एका भाषाविज्ञान विभागाकडे होतं. तक्ता पुढे जगभरच्या भाषांच्या ध्वनिसंग्रहात जायचा होता. काम एका विद्यार्थिनीचं, देखरेख तिच्या मार्गदर्शकांची. मी आकडे आणि आलेख तपासायला मधेमधे बसत असे. गाव, माणसं आणि विभाग यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

अशा संग्रहांचं काम वरवर साधं असतं. प्रत्येक भाषेसाठी एक यादी, यादीत त्या भाषेतले स्वनिम, म्हणजे ज्यांच्यामुळे शब्दाचा अर्थ बदलतो असे ध्वनी. हजारो याद्या एकत्र केल्या की कुठला ध्वनी किती भाषांत सापडतो ते मोजता येतं. फोइबल या संग्रहात तीन हजारांवर याद्या आहेत. त्यांतल्या सुमारे 96 टक्के याद्यांत म आहे, 90 टक्क्यांत क आणि 86 टक्क्यांत प. ब 63 टक्क्यांच्या आसपास थांबतो आणि ग त्याच्याही खाली, 57 टक्क्यांवर येतो.

हे आकडे योगायोगाचे नाहीत. ग चंच बघा. घोष ध्वनी काढायचा तर स्वरतंत्रींमधून हवा सतत वाहायला हवी. तोंड कुठेतरी बंद केलं की ती हवा मागे साठते, दाब वाढतो, आणि वरचा-खालचा दाब सारखा झाला की कंपन थांबतं. ब म्हणताना ओठ बंद असतात, पण मागे अख्खं तोंड रिकामं असतं आणि गालही थोडे फुगतात, त्यामुळे हवेला जागा मिळते. ग म्हणताना जीभ पार मागे टेकलेली असते, तिच्यामागे जागा थोडी, म्हणून घोष टिकवणं जड जातं. थाई भाषेत ब आहे, द आहे, ग मात्र नाही. डच भाषेतही मूळच्या शब्दांत ग नाही. प ची अडचण वेगळी. ओठांपुढे पोकळी नसल्यामुळे प सुटतानाचा स्फोट बारीक ऐकू येतो, आणि तो फ कडे किंवा ब कडे सहज सरकतो. अरबीत प नाही, म्हणूनच ‘पारसी’ भाषेचं नाव आपल्याकडे ‘फारसी’ होऊन आलं.

1930 च्या दशकात प्राग शहराभोवती जमलेल्या त्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन या भाषावैज्ञानिकांनी अशा जोड्यांसाठी चिन्हित आणि अचिन्हित या संज्ञा रुळवल्या. दोन ध्वनींत एक साधा, दुसरा त्याच्यावर काहीतरी जास्तीचं चढवलेला. म अचिन्हित, म्ह चिन्हित. याकोबसनने त्यातून सांगितलेलं सूत्र असं, की ज्या भाषेत चिन्हित ध्वनी आहे तिच्यात त्याचा अचिन्हित जोडीदार असतोच, उलट मात्र नाही. म्ह आहे पण म नाही अशी भाषा ठाऊक नाही. नुसता म असलेल्या भाषा मात्र हव्या तितक्या.

अडचण

विद्यार्थिनीच्या पहिल्या तक्त्यात म, न, ल, व, र यांच्याखाली म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह असे पाच खाने भरलेले होते. त्या बोलीत म्हस, म्हणान, न्हाणी, व्हाळ, व्हायन, कोल्हो, गाऱ्हाणा असे शब्द पावलोपावली. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, आणि मराठी कानाला वाटायचं कारणही नाही.

बाहेरच्या परीक्षकांनी तक्ता परत पाठवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. महाप्राण अनुनासिक आणि ल-र सारखे महाप्राण द्रव ध्वनी जगात अगदी मोजक्या भाषांत नोंदले गेले आहेत, एकाच बोलीत पाचच्या पाच मिळणं संशयास्पद आहे. हे बहुधा म + ह, न + ह असे व्यंजनसंयोग असावेत. तसं मानलं तर तक्ता पाच खान्यांनी लहान होतो आणि सगळं सोपं होतं. तक्त्यात mʱ लिहावं की mɦ, एवढाच दिसायला प्रश्न. पहिल्यात एक ध्वनी, दुसऱ्यात दोन.

मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता. देवनागरीत म्ह हे जोडाक्षर म्हणूनच लिहितो. भ ला स्वतंत्र अक्षर आहे, म्ह ला नाही. संस्कृत वर्णमालेने हे ध्वनी स्वतंत्र मानलेले नाहीत आणि आपण लिपी तिथून घेतली. तेव्हा मराठी माणसाला विचारलं तर तो ‘म ला ह जोडलाय’ असंच सांगणार.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय परीक्षकांचा होता, पाचही संयोग मानायचे. दुसरा विद्यार्थिनीचा, पाचही एकसंध ध्वनी. तिसरा मार्गदर्शकांच्या मनात होता: ध्वनीनुसार, आणि गरज पडली तर शब्दांच्या थरानुसार, वेगवेगळा निर्णय घ्यायचा. तद्भव आणि बोलीतल्या शब्दांत एकसंध, संस्कृतातून आलेल्या शब्दांत संयोग, असं होऊ शकतं.

चौथा पर्याय मी पुढे केला, आणि तो शेजारच्या भाषांमुळे सुचला होता. महाप्राणत्व व्यंजनाचं नसून पुढच्या स्वराचं असू शकतं. संस्कृत ‘स्नान’ प्राकृतात ‘ण्हाण’ झालं. मराठीत त्याचं ‘न्हाणे’ राहिलं. हिंदीने मध्ये स्वर घालून ‘नहाना’ केलं, म्हणजे ध्वनी फोडला. गुजरातीत ही महाप्राणाची धाप स्वरावर उतरते, तिथे श्वासमिश्रित स्वर हा भाषेचा ओळखीचा गुणच आहे. एकाच वारशाची तीन घरांत तीन प्रकारे वाटणी झालेली. सिंधुदुर्गातल्या बोलीत कुठली, हे गृहीत धरण्यात अर्थ नव्हता.

पहिला निर्णय: दुर्मिळता हा पुरावा आहे का?

इथे बराच वाद झाला आणि माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच.

जगात कुठला ध्वनी दुर्मीळ आहे हे आपल्याला याद्यांवरून कळतं. त्या याद्या कुणीतरी केलेल्या असतात. प्रत्येकाने आपल्या भाषेतला अवघड ध्वनी ‘इतका दुर्मीळ कसा असेल’ म्हणून दोन सोप्या ध्वनींत फोडला, तर तो ध्वनी दुर्मीळच राहणार, आणि पुढच्या माणसाला फोडायला आणखी एक आधार मिळणार. मोजमापातून आलेला नियम मोजमाप दुरुस्त करायला वापरला की तो स्वतःचीच साक्ष काढतो.

दुसरी गोष्ट, दुर्मीळ म्हणजे कुठे दुर्मीळ? घ, ध, भ हे ध्वनीसुद्धा जगाच्या हिशेबात विरळाच आहेत. दक्षिण आशियात मात्र ते घरोघरी. ट-ठ-ड-ढ ची तीच गत. एखाद्या संग्रहात या भागातल्या भाषा कमी घेतल्या तर टक्केवारी एक दिसते, जास्त घेतल्या तर दुसरी. परीक्षकांनी भ वर शंका घेतली नव्हती. तो अनेक याद्यांत आधीपासून बसलेला असल्यामुळे तो त्यांच्या नजरेला खटकला नाही, एवढंच.

तरीही परीक्षकांचा आक्षेप फेटाळायचा नाही असं ठरलं. ध्वनी दुर्मीळ असणं हा तो नसल्याचा पुरावा नव्हे. पण त्याच्या बाजूचा पुरावा नेहमीपेक्षा जास्त कसून तपासायला ते पुरेसं कारण आहे. तक्त्यात प नोंदवताना कुणी तीन कसोट्या लावत नाही. इथे लावायच्या.

केलेली तपासणी

सुरुवात अर्थभेदापासून झाली. एका आजींना नाणी आणि न्हाणी हे दोन शब्द विचारल्यावर त्या विद्यार्थिनीकडे बघून हसल्या. ‘न्हाणीत न्हातत गो, नाणी डब्यात ठेवतत.’ मणी आणि म्हणी, वाण आणि व्हाण याही जोड्या मिळाल्या. ल्ह साठी शब्दारंभी चांगली जोडी मिळाली नाही. जोड्यांमुळे भेद अर्थाला धरून आहे हे पक्कं झालं. पण एक की दोन हे त्यांवरून कळत नाही, कारण न विरुद्ध न + ह हाही भेदच.

मग ह चा वावर तपासला. या बोलीतल्या घरगुती शब्दांच्या सुरुवातीला म किंवा न नंतर य-व सारखे अर्धस्वर सोडले तर दुसरं कुठलंच व्यंजन येत नाही. म्ह संयोग मानला तर ह ला एक खास सवलत द्यावी लागते, की म आणि न च्या मागे शब्दारंभी उभं राहण्याची परवानगी फक्त त्याला. बरं, तीच सवलत क, ग, त, द, प, ब नंतरही त्याला आहे. तिथे आपण त्याला ख, घ, थ, ध, फ, भ म्हणतो. म्हणजे म्ह फोडायचा तर भ ही फोडावा लागतो, आणि भ एकसंध ठेवायचा तर म्ह ला वेगळा न्याय देण्याचं कारण उरत नाही. परीक्षकांच्या काटकसरीच्या मुद्द्यावर हे सगळ्यात जोरकस उत्तर ठरलं. भाषावैज्ञानिक जॉर्ज क्लेमेंट्स यांनी मांडलेलं तत्त्वही याच दिशेचं आहे: भाषा एखादा गुण एकदा कामाला लावते तेव्हा तो शक्य तितक्या ध्वनींवर वापरते. ज्या बोलीत स्पर्शांची अख्खी रांग महाप्राण आहे तिथे महाप्राण म मिळणं स्वस्तात पडतं. जगाच्या तुलनेत तो दुर्मीळ असेल, या तक्त्यात तो अपेक्षित आहे.

यानंतर अक्षरभाराची कसोटी. मराठी व्याकरणात शाळेपासून शिकवतात की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, पण त्यावर आघात येत नसेल तर लघूच. उदाहरणं ठरलेली असतात: तुम्ही, कुऱ्हाड, उन्हाळा. ‘सत्य’ मधला स दोन मात्रांचा, ‘तुम्ही’ मधला तु एकाच मात्रेचा. हा अपवाद म्हणून पाठ करून घेतात. अपवाद ठरतो तो लिपीमुळे. म्ह एकच व्यंजन असेल तर तु च्या पुढे संयोगच नाही, आणि तो लघू असणं सरळ नियमातलं आहे. याउलट ‘चिन्ह’ किंवा ‘विह्वल’ या संस्कृत शब्दांत पहिलं अक्षर स्पष्ट जड होतं. तिथे खरोखर दोन व्यंजनं आहेत.

ही गोष्ट बोलीत पडताळायला टाळ्यांची युक्ती करून पाहिली. शब्द तोडून म्हणा आणि प्रत्येक तुकड्याला टाळी वाजवा. शिकलेल्या माणसांकडून हाती काही लागलं नाही. ते अक्षर बघून तोडतात. ‘चि-न्ह’ आणि ‘उ-न्हा-ळो’, दोन्हीकडे जोडाक्षर अख्खंच पुढे. देवनागरी येणाऱ्या माणसाच्या तोंडून जोडाक्षर सहसा फुटत नाही, मग आवाज काहीही असो. शेवटी टाळ्या सोडून न किती वेळ टिकतो ते मोजलं. ‘उन्हाळो’ मधला न दोन स्वरांमधल्या साध्या न सारखाच आखूड निघाला. ‘चिन्ह’ मधला लांबलेला. मार्गदर्शकांच्या तिसऱ्या पर्यायाला इथे पहिला आधार मिळाला.

मुलांची च ची भाषाही वापरून पाहिली. ‘घरी’ चं ‘चरीघ’ होतं, तसं ‘म्हणान’ चं ‘चणानम्ह’ झालं. छान वाटलं, पण ‘प्रकाश’ चं ‘चकाशप्र’ ही झालं. खरा संयोगसुद्धा अख्खाच उचलला जातो म्हटल्यावर ही कसोटी आमच्या प्रश्नाला निरुपयोगी, म्हणून अहवालातून काढली.

यंत्रावर काय दिसलं

चौथ्या पर्यायाचा, म्हणजे धाप व्यंजनावर की स्वरावर याचा, निकाल कानांनी लागत नव्हता. त्यामागे या ध्वनींच्या दुर्मिळतेचं एक कारणच दडलेलं आहे.

आवाजात धाप मिसळते तेव्हा स्वरतंत्री पूर्ण मिटत नाहीत. परिणामी ध्वनीची सगळ्यात खालची लहर तिच्या वरच्या लहरीपेक्षा बलवान होते. या दोन लहरींच्या उंचीतला फरक H1−H2 या मापाने मोजतात. फरक मोठा तर धाप जास्त. भ नंतरच्या स्वरात हे लख्ख दिसतं. पण म आणि न उच्चारताना नाकाची पोकळी उघडी असते आणि ती स्वतःच 250 ते 300 हर्ट्झच्या आसपासची लहर फुगवते. आजींचा आवाज साधारण त्याच पट्टीतला, त्यामुळे त्यांच्या साध्या म मध्येही खालची लहर फुगलेली. म्हणजे यंत्राला साधा म सुद्धा धापेचा वाटतो. पुरुषाचा आवाज 120 हर्ट्झच्या आसपास असेल तर फुगते ती दुसरी लहर, आणि फरक उलट कमी दिसतो. दोघांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली तर निष्कर्ष काहीही निघू शकतो.

म्हणून दोन बंधनं घातली. तुलना एकाच व्यक्तीच्या साध्या आणि महाप्राण ध्वनींतच करायची. आणि माप व्यंजनाच्या मध्यावर न घेता पुढच्या स्वराच्या सुरुवातीला व मध्यावर, असं दोनदा घ्यायचं. त्यात दिसलं ते असं. म्ह आणि न्ह नंतरच्या स्वराच्या सुरुवातीला धाप ठळक, मध्यापर्यंत ती विरलेली, जवळजवळ भ आणि ध नंतर होते तशीच. अख्खा स्वर श्वासमिश्रित असता तर मध्यावरही ती टिकली असती. आलेखात ह चा वेगळा तुकडाही सापडत नव्हता. नाकातला आवाज संपतो आणि धापेने सुरू होणारा स्वर लागतो. चौथा पर्याय इथे मागे पडला.

यंत्राला जो गोंधळ होतो तो कानालाही होतो. उघडं नाक आणि उघड्या स्वरतंत्री, दोन्हींमुळे आवाज मऊ आणि पसरट होतो. त्यामुळे अनुनासिकावर चढवलेली धाप ऐकणाऱ्याला स्पर्शावरच्या धापेइतकी ठसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे नीट ऐकू येत नाही ते गळतं, किंवा हिंदीने केलं तसं फोडून ठळक केलं जातं. उलटही घडतं. गोव्याच्या कोंकणीत नदीला ‘न्हंय’ म्हणतात. मूळ शब्दात ह कुठेच नाही. नाकातल्या आवाजातच ऐकणाऱ्यांना धाप जाणवली असावी, असं मला वाटतं.

दुर्मिळतेचं दुसरं कारण जन्माच्या वाटेत आहे. भ, ध सारखे ध्वनी या भाषांना वारशाने मिळाले. म्ह आणि न्ह नंतर घडले, तेही एका अरुंद वाटेने. संस्कृतात स, श, ष यांच्याशेजारी अनुनासिक आलं आणि प्राकृतात त्या ऊष्माचा ह झाला. स्नान–ण्हाण, उष्ण–उण्ह, कृष्ण–कण्ह. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांतला म्ह ही ‘अस्म’, ‘युष्म’ यांतल्या स्म, ष्म मधून आलेला. असा शेजार आधी हवा, मग ऊष्म नेमका ह पर्यंतच झिजायला हवा, मग तो अनुनासिकाच्या नंतर जायला हवा, आणि तिथे टिकायला हवा. बहुतेक भाषांत या साखळीतली एखादी तरी कडी जुळत नाही. भाषावैज्ञानिक ज्युलिएट ब्लेव्हिन्स यांचं म्हणणं असं, की ध्वनींच्या विरळपणाचं बरंचसं स्पष्टीकरण अशा बदलांच्या वाटांत शोधावं, माणसाच्या डोक्यात बसवलेल्या कुठल्या मनाईत नव्हे. या प्रकरणापुरतं तरी मला ते पटतं.

दुसरा निर्णय: पाचांना एकच न्याय नाही

इथपर्यंत म्ह आणि न्ह यांची बाजू भक्कम झाली होती. मोह असा, की त्याच पुराव्यावर उरलेले तीनही आत घ्यावेत. मार्गदर्शकांनी तिथे ब्रेक लावला.

व्ह चे शब्द तपासले तर त्यांतले बरेच स्वर गळून झालेले दिसतात. वहाण–व्हाण, ओहोळ–व्हाळ. स्वर बोलणाऱ्याच्या मनात अजून शिल्लक असेल तर व्ह हा ध्वनी नसून घाईतला उच्चार आहे. हे पाहायला विद्यार्थिनीने शोधलेली युक्ती मला फार आवडली. शब्द खळ्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाला ओरडून सांगायचा. ओरडताना माणूस अक्षरं ताणतो आणि गिळलेला स्वर परत येतो. म्हस ओरडतानाही म्हसच राहिली, ‘महस’ कुणी म्हटलं नाही. न्हाणीची ‘नहाणी’ झाली नाही. व्हाळ आणि व्हायनही तसेच राहिले. व्हाण मात्र काहींच्या तोंडी ‘वहाण’ झाली, विशेषतः शाळेत गेलेल्यांच्या. ‘ल्हान’ चं ‘लहान’ तर सर्रास.

ऱ्ह ची गंमत निराळी. तो दोन स्वरांच्या मध्ये पक्का: कुऱ्हाड, गाऱ्हाणा, तऱ्हा. शब्दाच्या सुरुवातीला मिळतात ते ऱ्हास, ऱ्हस्व यांसारखे शब्द, संस्कृतातल्या ह्र ची उलटापालट होऊन झालेले, आणि ते या बोलीत पुस्तकातूनच येतात. दुसरीकडे, फारसी ‘गुनाह’ चा ‘गुन्हा’ आणि ‘तरह’ ची ‘तऱ्हा’ मराठीनेच केली. शब्दाच्या टोकाचा ह उचलून व्यंजनाला चिकटवायची सवय भाषेला आहे याची ती खूण. ऱ्ह ला पूर्ण बाहेर ठेवणं त्यामुळे जड वाटत होतं.

निष्पत्ती

अंतिम तक्त्यात म्ह आणि न्ह एकसंध स्वनिम म्हणून गेले. व्ह सुद्धा गेला, पण कुठल्या शब्दांत तो स्वरासह फिरतो याची टीप जोडून. ल्ह आणि ऱ्ह सीमावर्ती म्हणून कंसात राहिले, म्हणजे यादीत आहेत पण मुख्य संख्येत धरलेले नाहीत. ‘चिन्ह’, ‘विह्वल’ गटातले शब्द संयोग म्हणून वेगळे नोंदवले.

परीक्षकांनी हे मान्य केलं आणि एक मागणी घातली: व्यंजनांची एकूण संख्या दोन प्रकारे द्या, सीमावर्ती ध्वनी धरून आणि न धरता. मागणी रास्त होती. तुलनात्मक अभ्यासात 34 किंवा त्याहून जास्त व्यंजनं असलेल्या भाषा ‘मोठ्या साठ्याच्या’ गटात टाकायची एक प्रचलित पद्धत आहे, आणि जगाची सरासरी 22-23 च्या आसपास येते. महाप्राण रांगा धरल्या की मराठीच्या बोली या वरच्या रेषेच्या जवळपास किंवा पलीकडे असतात. दोन-तीन खाने इकडे-तिकडे झाले तर गट बदलू शकतो, आणि नंतर नकाशावर रंग भरणाऱ्याला त्यामागचा वाद दिसत नाही.

विद्यार्थिनीला एक गोष्ट पटली नाही, ती तिने अहवालात तशीच लिहिली. तिच्या मते ल्ह बाहेर गेला तो कसोटीने नव्हे, प्रमाणभाषेच्या वजनाने. ओरडताना ‘लहान’ म्हणणारे बहुतेक शिकलेले होते, आणि लेखनातलं रूप त्यांच्या तोंडावर बसलेलं असतं. शाळेत न गेलेल्या बायांच्या तोंडी ‘ल्हान’ टिकत होतं. माझा कल तिच्या बाजूला आहे. मार्गदर्शकांचा नव्हता. त्यांच्या मते अर्थभेदाची एकही चांगली जोडी शब्दारंभी नसताना ल्ह ला पूर्ण खाना देणं घाईचं झालं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा असता तर बरं झालं असतं. तक्ता आधी भरला गेला आणि कसोट्या आक्षेप आल्यावर लागल्या. त्यामुळे ओरडून म्हणायचे शब्द दुसऱ्या फेरीत, थोड्याच लोकांकडून मिळाले. मुळातल्या शब्दयादीतच संशयास्पद ध्वनींसाठी तीन जागा राखायला हव्यात: शब्दारंभी, दोन स्वरांच्या मध्ये, आणि जिथे त्याच जागी खरा संयोगही येतो असा तुलनेचा शब्द. ‘उन्हाळो’ बरोबर ‘चिन्ह’ पहिल्याच दिवशी म्हणवून घेतला असता तर निम्मा वाद टळला असता.

बोलणाऱ्यांची विभागणी शिक्षणानुसार सुरुवातीलाच केली असती तर ल्ह चा निकाल लागला असता, कुठल्या का बाजूने असेना. आता त्यासाठी पुन्हा गावात जावं लागेल, आणि शाळेत अजिबात न गेलेल्या बोलणाऱ्या बाया वर्षागणिक कमी होत आहेत.

परीक्षकांच्या बाजूनेही एक बदल सुचवावासा वाटतो. ‘हा ध्वनी दुर्मीळ आहे’ या शेऱ्याबरोबर तो कुणाच्या तुलनेत, हे लिहायला हवं. चिन्हित हा शब्द कधी उच्चारायला जड या अर्थी वापरला जातो, कधी जगात विरळ, कधी जोडीतला जास्तीचा सदस्य या अर्थी. म्ह तिन्ही अर्थांनी चिन्हित आहे. ग जगात ब पेक्षा विरळ आहे आणि उच्चारायलाही जड. पण या बोलीत तो ब इतकाच मोकळेपणाने वावरतो. तीन वेगळे प्रश्न एका शेऱ्यात आले की उत्तर देणाऱ्याला नेमकं काय सिद्ध करायचं आहे ते कळत नाही. इथे ते कळायला दोन पत्रांची देवाणघेवाण लागली.